पिंगच्या ओळीतला तिसरा आकडा

प्रश्न: घरी १०० एमबीपीएसचा प्लॅन आहे. स्पीड टेस्टचा स्क्रीनशॉट जोडलाय. डाउनलोड ९६.४, अपलोड ११.८, पिंग ६, त्याच ओळीत बाण असलेले अजून दोन आकडे ४१ आणि ३१२, जिटर २. कंपनीवाले म्हणतात लाइन एकदम ओके आहे. मग ऑफिसच्या मीटिंगमध्ये मला सगळ्यांचं नीट ऐकू येतं, पण त्यांना माझा आवाज तुटक का येतो? कायम नाही, अधूनमधून होतं. यातला नक्की कोणता आकडा बघायचा?

उत्तर:

३१२ हा आकडा बघायचा. कंपनीवाले खोटं बोलत नाहीयेत. ते वरचे दोन मोठे आकडे बघून बोलतात आणि ते आकडे खरोखरच ठीक आहेत. पण तुमचा त्रास तिथे नाही. तुम्ही एक फार उपयोगी गोष्ट लिहिली आहे: तुम्हाला इतरांचं नीट ऐकू येतं, फक्त तुमचा आवाज तिकडे तुटतो. म्हणजे घराकडे येणारी वाट मोकळी आहे, घरातून बाहेर जाणारी वाट मध्येच तुंबते. ३१२ हेच सांगतोय. तरी एकेक आकडा घेऊ, म्हणजे पुढच्या वेळी स्क्रीनशॉट तुमचा तुम्हालाच वाचता येईल.

आधी डाउनलोड. ९६.४ हे मेगाबिट आहेत, मेगाबाइट नाहीत. आठ बिटांचा एक बाइट होतो, म्हणून आठने भागा: सेकंदाला साधारण १२ मेगाबाइट. एक जीबीची फाइल उतरवायला दीड मिनिटाच्या आसपास लागली आणि ब्राउझरमध्ये 12 MB/s दिसलं, तर तुमचे ‘१००’ पूर्ण मिळताहेत. दुसरी गोष्ट, टेस्ट सहसा जवळचा सर्व्हर निवडते आणि त्याच्याशी एकाच वेळी अनेक जोडण्या उघडते. त्यामुळे हा आकडा तुमच्या घरापासून त्या सर्व्हरपर्यंतच्या पाइपाची जास्तीत जास्त क्षमता सांगतो. एखादी विशिष्ट साइट किती वेगाने फाइल देईल, ते सांगत नाही. या आकड्यातून आणखी एक कळतं. लॅपटॉप ते राउटर या वाटेत जुना १०० एमबीपीएसचा लॅन पोर्ट असता, तर टेस्ट ९४-९५ च्या वर गेलीच नसती, कारण त्या पोर्टची काही क्षमता प्रत्येक पॅकेटच्या वेष्टनात खर्च होते. तुमचे ९६ आले, म्हणजे तो अडसर नाही. प्लॅन २०० किंवा ३०० चा असूनही जे ९४ वर अडकतात, त्यांनी मात्र आधी पोर्ट आणि केबल तपासावी. केबलमधल्या चार जोड्यांपैकी एखादी तुटली तरी जोडणी १०० वर उतरते.

अपलोड ११.८, म्हणजे सेकंदाला जेमतेम दीड मेगाबाइट. प्लॅनच्या जाहिरातीतला आकडा बहुतेकदा डाउनलोडचा असतो, त्यामुळे यात फसवणूक असेलच असं नाही. तुमच्या प्लॅनमध्ये अपलोड किती लिहिलंय ते एकदा बघून घ्या. मीटिंगसाठी ११.८ कमी आहे का? अजिबात नाही. आवाजाला १०० केबीपीएससुद्धा लागत नाहीत आणि नेहमीच्या एचडी व्हिडिओला एक-दोन एमबीपीएस पुरतात. म्हणजे अपलोडच्या आकड्यावरून तुमचा त्रास कळत नाही. पण त्याचं कारण याच आकड्यात दडलंय. समजा घरातल्या कुणाच्या फोनमध्ये ४०० मेगाबाइटचा व्हिडिओ आहे आणि तो आपोआप क्लाउडवर चढायला लागला. दीड मेगाबाइटच्या वेगाने त्याला साडेचार मिनिटं लागतील आणि तेवढा वेळ तुमचं अपलोड काठोकाठ भरलेलं असेल. ‘अधूनमधून’ होतं म्हणालात, ते बहुधा हेच.

आता पिंग. एक छोटं पॅकेट सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागलेला वेळ म्हणजे पिंग, आणि तो मिलिसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजतात. फायबरच्या काचेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. म्हणून दर १०० किलोमीटर अंतरामागे जाऊन-येऊन एक मिलिसेकंद धरा. त्यापेक्षा कमी कोणतीही कंपनी देऊ शकत नाही. तुमचा ६ सांगतो की टेस्टचा सर्व्हर तुमच्याच शहरात किंवा आसपासच्या मोठ्या शहरात आहे. तो मीटिंगच्या सर्व्हरबद्दल काहीच सांगत नाही. तो सर्व्हर सिंगापूरला असेल, तर मुंबईपासूनचं सरळ अंतरच ३,९०० किलोमीटरच्या आसपास आहे. म्हणजे किमान ३९ मिलिसेकंद लागणार, आणि समुद्राखालची केबल सरळ रेषेत जात नाही, म्हणून प्रत्यक्षात त्याहून जास्तच. त्यामुळे ‘पिंग ६ आहे, मग सगळं छान’ हा निष्कर्ष घाईचा आहे. टेस्टमध्ये सर्व्हर बदलता येतो. एकदा मुद्दाम दूरचा निवडून बघा.

जिटर हा सगळ्यात कमी समजला जाणारा आकडा. पिंग किती आहे यापेक्षा पिंग किती डळमळतो, ते जिटर सांगतो. लागोपाठच्या दोन पिंगांमधला फरक काढायचा आणि त्या सगळ्या फरकांची सरासरी घ्यायची. पिंग ६, ७, ६, ९, ६ असे आले, तर फरक १, १, ३, ३ आणि जिटर २, तुमच्यासारखाच. आता दहा पिंग घ्या, त्यातले नऊ ६ आहेत आणि मधला एकच ८६ आहे. फरकांमध्ये दोनदा ८० येतात, बाकी सगळे शून्य, आणि जिटर जवळपास १८ होतो. या दहांतला मधला पिंग, म्हणजे क्रमाने लावल्यावर मध्यावर येणारा, अजूनही ६ च असतो. म्हणून जिटर वेगळा बघावा लागतो.

मीटिंगमध्ये याचा थेट परिणाम ऐकू येतो. मीटिंगचं ॲप तुमच्या आवाजाचे तुकडे करून साधारण दर २० मिलिसेकंदांना एक पॅकेट पाठवतं, सेकंदाला ५०. समोरचं ॲप ती पॅकेटं थोडी साठवून मग वाजवतं, म्हणजे थोडंफार मागेपुढे झालं तरी आवाज सलग राहतो. पण एक पॅकेट ६० मिलिसेकंदांत पोचलं आणि पुढचं ४०० मध्ये, तर साठा मध्येच संपतो. तिथे शब्द गाळला जातो, नाहीतर आवाज यंत्रमानवासारखा घरघरतो. उशीर जास्त असला पण स्थिर असला, तर वेगळंच होतं. आवाज स्वच्छ येतो, पण दोघं एकमेकांच्या बोलण्यावर बोलतात, मग दोघंही थांबतात, आणि पुन्हा दोघंही एकदम सुरू करतात. हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे: आवाज तुटत असेल तर जिटर किंवा हरवलेली पॅकेटं शोधा, बोलणं एकमेकांवर चढत असेल तर उशीर शोधा.

मग तुमचा जिटर २ असताना आवाज का तुटतो? कारण पिंग ६ आणि जिटर २ हे दोन्ही लाइन मोकळी असताना मोजलेले आहेत. टेस्टच्या सुरुवातीला, डाउनलोड सुरू व्हायच्या आधी. मोकळ्या रस्त्यावर गाडी पळणारच. बाण असलेले दोन आकडे त्यासाठीच आहेत: खाली बाण असलेला ४१ म्हणजे डाउनलोड जोरात चालू असतानाचा पिंग, आणि वर बाण असलेला ३१२ म्हणजे अपलोड जोरात चालू असतानाचा. तीच तार, तोच सर्व्हर, काही सेकंदांचं अंतर, आणि ६ चे ३१२ झाले. हे वाढलेले ३०६ मिलिसेकंद अंतरामुळे आलेले नाहीत. ते रांगेत थांबण्याचे आहेत.

रॉकेल ओतायचं नरसाळं आठवा. खालची नळी बारीक, वरचं तोंड रुंद. तुमच्या अपलोडची नळी ११.८ ची आहे. लॅपटॉप किंवा फोन वरून त्याहून जास्त वेगाने ओततो, आणि जादा येतं ते नरसाळ्यात साठतं. या साठ्याला बफर म्हणतात आणि तो मोडेमच्या किंवा राउटरच्या मेमरीत असतो. त्यात किती साचलंय, याचा हिशोबही करता येतो: ११.८ एमबीपीएस गुणिले ०.३०६ सेकंद, म्हणजे ३.६ मेगाबिट, म्हणजे जवळपास ४५० किलोबाइट. तुमच्या आवाजाचं पॅकेट एका किलोबाइटपेक्षाही लहान असतं, पण ते आधीच्या ४५० किलोबाइट फोटोंच्या मागे उभं राहतं. नरसाळं भरून वाहिलं की पॅकेटं सांडतातही, आणि सांडलेल्या आवाजाला परत पाठवून उपयोग नसतो, कारण तोवर वेळ निघून गेलेली असते. फोनवरच्या बोलण्यासाठी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस एका बाजूने १५० मिलिसेकंदांच्या आत राहण्याची आहे. तुमचं पॅकेट त्याच्या दुप्पट वेळ घरातल्या डब्यातच घालवतं. शिवाय ३१२ हा एक ठोकळ आकडा आहे. प्रत्यक्षात साठा भरतो-उतरतो, म्हणून उशीर सारखा बदलतो, आणि बदलणारा उशीर म्हणजेच जिटर.

साठा मुळात एवढा भरतो कशाला? फोटो पाठवणाऱ्या संगणकाला नळी किती बारीक आहे ते माहीत नसतं. तो वेग वाढवत जातो आणि एखादं पॅकेट हरवलं की हात आवरतो. डब्यात मेमरी भरपूर असली की पॅकेट हरवतच नाही, नुसती रांग लांबते, आणि पाठवणाऱ्याला वाटतं सगळं सुरळीत आहे. मेमरी स्वस्त झाली तसे डबे बनवणारे ती वाढवत गेले. जिम गेटिस या अभियंत्याने २०१० च्या सुमारास या दुखण्यावर बोट ठेवलं आणि त्याला ‘बफरब्लोट’ हे नाव रूढ झालं. याचा एक उपद्रव असा की अपलोड तुंबलं की डाउनलोडही मंदावतं. कारण उतरणाऱ्या प्रत्येक फाइलसाठी ‘मिळालं, पुढचं पाठव’ अशा पोचपावत्या वर जात असतात, आणि त्याही त्याच रांगेत अडकतात.

हे सगळं मी तुमच्या एका स्क्रीनशॉटवरून म्हणतोय. टेस्ट वायफायवर केली की केबलवर, हे त्यात दिसत नाही, आणि ३१२ पैकी काही भाग वायफायचाही असू शकतो. म्हणून आधी खात्री करा, मग उपाय. विंडोजवर `ipconfig` चालवा आणि `Default Gateway` समोरचा पत्ता बघा, तो तुमचा राउटर. मग कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडा आणि एकेकीत एकेक आज्ञा द्या. पहिल्या आज्ञेत तुमच्या राउटरचा पत्ता घाला, दुसरीतला पत्ता घराबाहेरच्या गुगलच्या सर्व्हरचा आहे:

```
ping -t 192.168.1.1
ping -t 8.8.8.8
```

दोन्ही मिनिटभर नुसत्या चालू द्या आणि आकडे बघून ठेवा. मग एखादी मोठी फाइल क्लाउडवर चढवायला लावा. राउटरचा पिंग १-५ च्या आसपासच राहिला आणि दुसरा ३०० कडे गेला, तर रांग राउटरच्या पुढे, बाहेर जाणाऱ्या तोंडाशी आहे. माझा अंदाज हाच आहे. पण राउटरचा पिंगच ५० किंवा १०० वर उड्या मारायला लागला, तर दोष वायफायचा. मग लॅपटॉप केबलने जोडून तोच प्रयोग पुन्हा करा. केबलवर उड्या थांबल्या, तर आधी २.४ गिगाहर्ट्झवरून ५ गिगाहर्ट्झवर जा, किंवा मीटिंगचा लॅपटॉप केबलवरच ठेवा. राउटर क्वचित एखाद्या पिंगला उशिरा उत्तर देतो, तेव्हा एकट्यादुकट्या मोठ्या आकड्याने घाबरू नका, सलग दिसतात का ते बघा. `Ctrl+C` दाबलं की पिंग थांबतो आणि खाली किती पॅकेटं हरवली तेही दिसतं.

रांग बाहेरच्या तोंडाशी आहे हे ठरलं की सगळ्यात सोपा उपाय रांग लावणाऱ्याला आवरायचा. फोनवरचा फोटोंचा बॅकअप मीटिंगच्या वेळी बंद ठेवा. लॅपटॉपवर गुगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्ह असेल, तर त्यांच्या सेटिंगमध्ये अपलोडचा वेग बांधून देता येतो. तिथे एकक किलोबाइटचं असतं हे विसरू नका. ५०० लिहिलं तर ते ४ एमबीपीएस होतात, आणि तुमच्या ११.८ मधले पावणेआठ मोकळे राहतात. तेवढ्यात मीटिंग आरामात चालते.

पण घरात चार फोन असतील, तर प्रत्येकाच्या मागे किती फिरणार? पक्का उपाय राउटरवर होतो. नरसाळ्याच्या नळीत जितकं मावतं त्याहून थोडं कमीच वरून सोडायचं, म्हणजे मोडेममध्ये साठा होतच नाही. रांग राउटरच्या ताब्यात येते, आणि छोट्या पॅकेटांना पुढे काढायचं काम तो करू शकतो. मोजलेल्या अपलोडच्या ८५ टक्के हा चांगला आरंभ आहे. तुमच्यासाठी ११.८ चे ८५ टक्के म्हणजे १० एमबीपीएस. राउटरमध्ये `QoS` किंवा `Bandwidth Control` असेल, तर तिथे एकूण अपलोडमध्ये १० एमबीपीएस लिहा. एकक किलोबिटचं असेल, तर १०,०००. तिथल्या यादीत मीटिंगचा लॅपटॉप प्राधान्यावर ठेवा. अशा साध्या सोयीने बराच फरक पडतो, पण सगळ्याच राउटरांत ती नीट चालत नाही. कंपनीने दिलेल्या डब्यात तर अनेकदा ती नसतेच.

राउटर तुमचा स्वतःचा असेल आणि त्यावर ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरसाठीची खुली प्रणाली चालत असेल, तर काम फार नीट होतं. `luci-app-sqm` हे पॅकेज घाला आणि `Network` मध्ये `SQM QoS` उघडा. इंटरफेस म्हणून बाहेर जाणारा निवडा. तो साधारणपणे `wan` असतो आणि युजरनेम-पासवर्डची पीपीपीओई जोडणी असेल तर `pppoe-wan`. अपलोडमध्ये 10000 लिहा. डाउनलोडमध्ये 0 ठेवलं तर त्या बाजूला बंधन लागत नाही, आणि तुमचा ४१ पाहता तिकडे हात लावायची गरज मला दिसत नाही. `Queue Discipline` मध्ये `cake` आणि स्क्रिप्ट `piece_of_cake.qos` निवडा. इथे दोन चुका हमखास होतात. फायरवॉलच्या पानावर `Hardware flow offloading` चालू राहिलं, तर पॅकेटं या सगळ्याला वळसा घालून जातात आणि ‘सेटिंग केली पण फरक नाही’ असं होतं. दुसरं, राउटर कंपनीच्या डब्याच्या मागे असेल आणि घरातले काही फोन अजून कंपनीच्याच वायफायवर असतील, तर त्यांचं अपलोड तुमच्या राउटरमधून जातच नाही. सगळे एकाच राउटरवर आणा आणि कंपनीच्या डब्याचं वायफाय बंद करा.

आता पुन्हा तीच टेस्ट करा. अपलोड ११.८ ऐवजी साडेनऊच्या आसपास दिसेल. त्याचं वाईट वाटून घेऊ नका, ती दोन एमबीपीएस देऊन तुम्ही मोकळी वाट विकत घेतली आहे. बघायचा तो पुन्हा तिसराच आकडा. तो १०-३० मध्ये आला तर काम झालं. ७०-८० वर अडकला तर मर्यादा ९ वर आणा आणि पुन्हा मोजा.

शेवटची एक अडचण, आणि ती बऱ्याच जणांना नंतर सापडते. ११.८ हे तुम्ही दिवसा मोजलंत की रात्री? संध्याकाळी सगळी सोसायटी घरी आल्यावर तुमचं अपलोड ७ वर उतरत असेल, तर १० ची मर्यादा निरुपयोगी ठरते. नळी ७ ची आणि आपण सोडतोय १०, म्हणजे साठा पुन्हा मोडेममध्येच. म्हणून मर्यादा घालायच्या आधी तीन-चार दिवस सकाळी ९, दुपारी ३ आणि रात्री ९ वाजता केबल लावून टेस्ट करा, प्रत्येक वेळी सहाही आकडे लिहून ठेवा, आणि तुमच्या मीटिंग ज्या वेळेला असतात त्या वेळेच्या सगळ्यात कमी अपलोडचे ८५ टक्के धरा. रात्री घरातलं काहीच चालू नसताना मोकळा पिंगसुद्धा ६ वरून ६० वर जात असेल, तर ती रांग तुमच्या घराबाहेरची आहे, तिथे राउटरची कुठलीही सेटिंग चालत नाही. कंपनीकडे तक्रार करताना तेव्हा ‘स्पीड कमी आहे’ असं सांगू नका, ते डाउनलोडचा आकडा दाखवून तक्रार बंद करतील. तारीख-वेळेसह सकाळचा आणि रात्रीचा `ping -t 8.8.8.8` शेजारी शेजारी ठेवून पाठवा.